ड्युअल-स्लोप मीटर नाचतोय? कॅपॅसिटर बदलण्याआधी या चुका टाळा

ड्युअल-स्लोप कन्व्हर्टर इंटिग्रेटरला ठरावीक वेळ इनपुटने चढवतो, मग रेफरन्सने उतरवतो आणि उतरायला लागलेल्या वेळेवरून व्होल्टेज काढतो. त्याच्याबद्दल दोन वाक्यं सगळ्यांना पाठ असतात. इंटिग्रेटरच्या आर-सीवर रीडिंग अवलंबून नसतं आणि मेन्सचा हम आपोआप जातो. पहिलं बरंचसं खरं आहे. दुसऱ्याला एक अट आहे, आणि ती न वाचताच लोक सोल्डरिंग आयर्न तापवतात.

क्लॉक जसाच्या तसा उचलणं

एक होतकरू मुलगा ७१०६ चिपवर केलेला २०० मिलिव्होल्टचा मीटर घेऊन आला. इनपुट होतं ६२.० मिलिव्होल्ट, डिस्प्लेवर आळीपाळीने ६२.०, ६१.७, ६२.३. त्याने इंटिग्रेटरचा कॅपॅसिटर बदलला, मग रेझिस्टर, मग चिपसुद्धा. आकडे तसेच. आता ज्या भागांवर रीडिंग अवलंबूनच नाही, ते बदलून रीडिंग कसं सुधारणार? तेवढा विचार करायला थांबायचं कुणी!

स्कोप लावला तर इनपुटवर सुमारे १० मिलिव्होल्ट पीक ५० हर्ट्झचा हम होता. क्लॉक होता ४८ किलोहर्ट्झ, कुठल्याशा सर्किटमधून जसाच्या तसा घेतलेला. ही चिप क्लॉकचे ४००० पल्स इनपुट इंटिग्रेट करते, म्हणजे इथे ८३.३ मिलिसेकंद. ६० हर्ट्झच्या त्यात बरोबर ५ सायकल बसतात, पण ५० हर्ट्झच्या ४.१७. पूर्ण सायकलींची बेरीज शून्य होते, उरलेल्या तुकड्याची होत नाही. तो तुकडा वाईटात वाईट वेळी हमच्या साधारण २६ व्या हिश्शाइतकी चूक देतो: १० मिलिव्होल्टला ०.३८ मिलिव्होल्ट, म्हणजे डिस्प्लेच्या शेवटच्या अंकात जवळजवळ चार काउंट. पूर्ण कन्व्हर्जन १६,००० पल्सचं, म्हणून प्रत्येक रीडिंगला हमची फेज सायकलच्या दोन-तृतीयांशाने सरकते आणि तिसऱ्या रीडिंगनंतर जिथल्या तिथे येते. आकडे तीन-तीनच्या चक्रात फिरताना दिसले की मी कॅपॅसिटरकडे बघतच नाही.

उपाय म्हणजे ४० किलोहर्ट्झ. इंटिग्रेशन १०० मिलिसेकंदांचं होतं: ५० हर्ट्झच्या ५ सायकल, ६० च्या ६. ऑसिलेटर आर-सीचा असेल तर काउंटरवर मोजून लावा. इथे एक टक्का चुकला तरी तो १० मिलिव्होल्टचा हम एका काउंटपर्यंत उरतो. गोंधळ नेमका इथेच होतो. `Vin = Vref × T2 / T1` या गुणोत्तरात T1 म्हणजे चढण्याचा वेळ, T2 म्हणजे उतरण्याचा; दोन्ही एकाच क्लॉकने मोजलेले, त्यामुळे क्लॉक कटून जातो, म्हणून डीसी रीडिंगला त्याची फिकीर नसते. हमला मात्र T1 खरोखर किती मिलिसेकंद आहे याच्याशीच कर्तव्य असतं.

“जरा वेगाने चालव ना”

४० किलोहर्ट्झला सेकंदाला अडीच रीडिंग मिळतात आणि घाईच्या लोकांना ती पुरत नाहीत. २०० किलोहर्ट्झला T1 २० मिलिसेकंद राहतो, एक पूर्ण सायकल, म्हणून हमच्या दृष्टीने ठीक. ४०० ला गेलात तर १० मिलिसेकंद, अर्धी सायकल, आणि हम जेमतेम ४ डेसिबलने कमी होतो. इतका वेग हवा असेल तर दुसऱ्या जातीचा कन्व्हर्टर घ्या. इनपुटला मोठा फिल्टर कॅपॅसिटर लावून हम दाबणं हाही शॉर्टकटच. मीटर स्थिरावायला वेळ घेतो आणि मूळ दोष लपून राहतो.

“कुठलाही कॅपॅसिटर चालतो”

आर आणि सी कटून जातात, कारण चढताना आणि उतरताना तोच रेझिस्टर आणि तोच कॅपॅसिटर असतो. त्यामुळे किंमत १० टक्के इकडेतिकडे असली तरी चालते. पण कॅपॅसिटर दोन्ही वेळा सारखाच वागला पाहिजे. सिरॅमिकच्या डायइलेक्ट्रिकमध्ये थोडा चार्ज मुरतो आणि उशिरा बाहेर येतो. आत गेला तेवढा वेळेत परत आला नाही की T2 चुकतो, आणि किती चुकणार ते आधीच्या व्होल्टेजवरही ठरतं. हे कुठल्याही गुणोत्तरात कटत नाही. मी इथे पॉलिप्रॉपिलीनच लावतो. तपासणी सोपी आहे: रेफरन्सचंच व्होल्टेज इनपुटला द्या. रीडिंग १००० काउंट यायला हवं, फार तर ९९९. त्याहून दूर गेलं तर पहिला संशय या कॅपॅसिटरवर.

किंमत कटते म्हणून ती वाटेल तेवढी छोटीही करता येत नाही. ४७ किलोओहम, ०.२२ मायक्रोफॅरड आणि १०० मिलिसेकंदांत २०० मिलिव्होल्टला इंटिग्रेटर १.९ व्होल्ट चढतो, ते छान. ०.१ लावलात तर त्याला ४.३ चढायचं असतं. तो समजा साडेतीनला अडकला, तर १६० मिलिव्होल्टच्या आसपास रीडिंग वाढायचंच थांबतं. खालचे आकडे अचूक आणि वरचे चपटे दिसले तर हेच.

आणि रेफरन्स कुठेच कटत नाही. तो एक टक्का सरकला की रीडिंगही एक टक्का सरकतं.