बोगद्याच्या अहवालात तड्याच्या रुंदीवर जाऊ नका

बोर घाटाची लाईन 1863 ची, थळ घाटाची 1865 ची. अशा जुन्या घाटलाईनवरच्या चुन्यात बांधलेल्या बोगद्याचा पहिला अहवाल लिहायला बसलात की हात आपोआप एका गोष्टीकडे जातो: क्रॅक गेज लावायचं आणि सगळ्यात रुंद तडा यादीत वर टाकायचा. इथेच फसायला होतं. माझा पहिला मसुदाही याच कारणासाठी परत आला होता.

समजा, एका बोगद्यात दोन तडे आहेत. पहिला बाजूच्या भिंतीत, उभा, 4 मिमी रुंद. कोरडा, आत धूळ आणि काजळी. दुसरा कमानीच्या माथ्याजवळ, रुळांच्या दिशेने जाणारा, जेमतेम 1 मिमी. पण ओला, कडेला पांढरा थर, आणि हातोडी मारली की आसपास पोकळ आवाज. खाली भिंतीतली वीप होल्स, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणारी भोकं, मात्र कोरडी, गटार गाळाने भरलेलं. नवखा माणूस 4 मिमीला पहिला क्रमांक देतो. तो तडा बहुधा जुना आणि थांबलेला असतो. त्यावर काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा आणि पावसाळाभर बघा. पट्टी फुटली तर तडा हलतोय.

खरी भीती दुसऱ्याची. पांढरा थर म्हणजे पाणी चुना विरघळवून बाहेर आणतंय. पोकळ आवाज म्हणजे विटांचे थर एकमेकांपासून सुटलेत. आणि माथ्याला पाणी असताना खाली वीप होल्स कोरडी, म्हणजे ती तुंबलीत आणि पाणी लायनिंगमागे अडकलंय. त्यात वर 25 केव्हीची ओएचई, म्हणजे गाड्यांना वीज देणारी तार. सुटलेली वीट किंवा पाण्याची धार तिच्यावर नको.

म्हणून क्रम असा: पॉवर ब्लॉक घेऊन, म्हणजे त्या तारेची वीज बंद करून, सैल विटा उतरवायच्या, मग गटार आणि वीप होल्स मोकळी करायची, गरज असेल तिथे नवी पाडायची. पाण्याला वाट मिळाल्यावरच ग्राउटिंग, म्हणजे आतल्या फटींत दाबाने पातळ मिश्रण भरणं, तेही खालून वर आणि कमी दाबाने, चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलोच्या आसपास. जास्त दाब दिलात तर आधीच सुटलेले थर अजून ढकलले जातील. ओल्या तड्यावर सिमेंटचा लेप मारून फोटो काढणं हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. पाणी तिथेच राहतं, फक्त दिसेनासं होतं.

घाबरू नका, बाकीचं सरावाने जमतं. मार्चमधल्या कोरड्या बोगद्यावरून मात्र गळतीबद्दल काही लिहू नका. तिथल्या रूळ तपासत फिरणाऱ्या कीमनला विचारा, जुलैत कुठे गळतं ते. माझ्या मते तो कुठल्याही साहेबापेक्षा चांगला गुरू आहे. आणि ग्राउटिंगनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा आत जा: चार-पाच मीटरवर नवी ओल दिसली तर पाणी थांबलेलं नाही, सरकलंय. ती जागाही चेनेजसह, म्हणजे लाईनवरच्या अंतरासह, त्याच अहवालात जोडा.