आभाळात उलट्या पणत्या

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा फोटो छान आलेत असं मागच्या छोट्या स्क्रीनवर वाटलं होतं. घरी मोठ्या स्क्रीनवर लावले, तर वरच्या काळ्या आभाळात पणत्यांची एक फिकट रांग, तीही उलटी. नदीतलं प्रतिबिंब म्हणून सोडून दिलं असतं, पण नदी खाली होती.

ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो त्या दादांनी फोटो बघून एकच विचारलं, "पुढं फिल्टर लावलाय काय रे?" लावला होता. काचेला ओरखडा नको म्हणून दुकानदारानं लेन्सबरोबर गळ्यात मारलेला यूव्ही फिल्टर.

होतं असं, की पणतीचा उजेड सेन्सरवर पडतो आणि त्याचा थोडा भाग तिथूनच मागं फिरतो. लेन्समधून उलट बाहेर येताना तो फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत जातो. म्हणून हे भूत, म्हणजे पणतीची ही फिकट नक्कल, रेखीव दिसतं आणि फोटोच्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पडतं. माझा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा होता, म्हणजे मध्य ३०००, २००० वर. डावीकडून १२०० आणि वरून ३१०० वर एक ठळक पणती होती. तिचं भूत ४८००, ९०० वर सापडलं. असं जुळलं की गुन्हेगार फिल्टरच समजा. काढून खिशात टाका, काम झालं. लेन्सच्या आतल्या भिंगांमुळं येणारी भुतं वेगळी. ती दिव्यापासून मध्यातून जाणाऱ्या रेषेवर रंगीत ठिपक्यांसारखी ओळीनं पडतात आणि पुष्कळदा अॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत घेणाऱ्या भोकाच्या, आकाराची असतात. ती फिल्टर काढून जात नाहीत. कॅमेरा जरा वळवला की सरकतात, तेव्हा निदान चेहऱ्यावरून तरी हलवता येतात.

पुढच्या वर्षी फिल्टर घरी ठेवला, तर भुतं गेली आणि सगळे फोटो ताकासारखे पांढुरके आले. हिस्टोग्रामची डावी कड रिकामी, म्हणजे रात्रीच्या फोटोत काळा रंगच नाही. फ्रेममध्ये तर सगळ्या पणत्याच होत्या. मग कॅमेरा स्टँडवर तसाच ठेवून मी पुढं जाऊन लेन्सकडं पाहिलं. डावीकडच्या खांबावरच्या फोकसचा उजेड काचेवर चमकत होता. तो फ्रेमबाहेर होता, पण त्याचा उजेड आत शिरून सगळीकडं पसरत होता. हाताची सावली काचेवर पडेल असा तळवा धरला आणि पुढचा फोटो एकदम काळाभोर. उजेड अडवायला लेन्सच्या तोंडावर लावायचं हूड होतं की, पण झूम लेन्सचं हूड तिच्या सगळ्यात रुंद टोकासाठी कापलेलं असतं. २४-७० लेन्स ७० वर, म्हणजे दूरचं जवळ ओढायला, नेली की ते अपुरं पडतं. तळवा फ्रेममध्ये येत नाही ना, एवढं बघा.

दिवा किंवा सूर्य फ्रेममध्येच असेल तर हूड आणि तळवा दोन्ही निरुपयोगी. तेव्हा आधी काच पुसा, कारण बोटाचा एक ठसासुद्धा दिव्याभोवती धुकं उभं करतो. मग एक पाऊल सरकून सूर्य खांबाआड, झाडाआड, नाहीतर माणसाच्या डोक्याआड अर्धा लपवा. आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडं बघू नका, डोळा जायचा. स्क्रीनवर बघा.

हा पांढुरकेपणा मी मुद्दाम ठेवतो तो लग्नाआधीच्या जोडीच्या फोटोंत. सूर्य टेकताना मुलीच्या केसांमागून जरासा डोकावू द्यायचा. माझी अट एकच, बुबुळ काळं दिसलं पाहिजे. ते राखाडी झालं की चेहरा उतरतो, मग सूर्य पुन्हा केसांआड. समोरून पांढरा थर्माकोल धरला तर बुबुळ टिकतं. दोन्ही फोटो घ्यायचे, लपलेला आणि डोकावलेला, निवड त्यांची.

पण पैठणी विकणाऱ्यासाठी हेच केलं आणि शिव्या खाल्ल्या. पदरावरच्या मोरांचा हिरवा धुतल्यासारखा आला, जर पितळी. नंतर कॉम्प्युटरवर डीहेझ, म्हणजे धुरकटपणा काढायची पट्टी, ओढून काळा रंग परत आणला, पण सोबत मॉडेलचं कातडं तांबूस काळं पडलं आणि सावलीत दाणे उठले. विकायच्या वस्तूचा रंग जिथं मोजला जातो तिथं आता मी सूर्य पाठीमागं घेतच नाही.

यंदा घाटावर एक पणती अगदी जवळ धरून फोटो काढला. तिच्याभोवतीचं पिवळं धुकं मी ठेवलं. दादा म्हणाले, "काच पुसली नव्हतीस ना?" पुसली होती. तो धूर होता, खऱ्या तेलाचा.