व्यावसायिक पाहुण्याचे निमंत्रणपत्र

परदेशी ग्राहकाला बोलावताना पत्रात नुसते ‘व्यावसायिक भेटीसाठी’ असे लिहिले, की व्हिसा अधिकारी खुलासा मागतात आणि दिवस वाया जातात.

१. कंपनीच्या लेटरहेडवर, भारतीय दूतावासाला उद्देशून पत्र लिहावे; पाहुण्याचे नाव व पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवरूनच उतरवावा.

२. उद्देश नेमका लिहावा. उदाहरणार्थ, ‘९ ते १३ मार्चदरम्यान चाकणच्या कारखान्यात पंपांची खरेदीपूर्व तपासणी व दरांची बोलणी’.

३. राहण्याचे ठिकाण, विमानभाडे व हॉटेलखर्च कोणाचा, हे स्पष्ट सांगून जबाबदार अधिकाऱ्याने पद व दूरध्वनीसह सही करावी.

सही झाल्यावर पत्र लगेच पाठवू नये. पाहुण्याने भरलेला अर्ज मागवून तारखा, उद्देश आणि पत्ता शब्दशः जुळवावा, कारण यांतील तफावतीतून अडचणी उद्भवतात.

पाहुणा येथे पगारी नोकरी करणार असेल, तर बिझनेस व्हिसा चालत नाही.