प्रदर्शनातील स्टॉलवरून थेट पोस्ट टाकण्याची तयारी: आधी फोन धरणारा माणूस ठरवा

भोसरीत आमचा छोटा कारखाना आहे आणि आम्ही सीएनसी मशीनच्या कूलंट टाकीवर बसवायचे ऑइल स्किमर, म्हणजे कूलंटवर तरंगणारे तेल पट्ट्याने उचलून काढणारे यंत्र, बनवतो. मागे पुण्याजवळच्या एका यंत्र-प्रदर्शनात आम्ही स्टॉलवरून दिवसभर पोस्ट टाकल्या, लोकांनी त्या पाहिल्याही, आणि तरीही त्या पाहून स्टॉलपर्यंत पोहोचलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. पोस्टमध्ये दिलेला नंबर माझा होता आणि मी समोरच्या माणसाशी बोलत असल्यामुळे माझा फोन आवाज बंद करून खिशात पडलेला होता. रात्री घरी येऊन पाहिले तेव्हा ३७ संदेश वाट पाहत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी फक्त हॉल कोणता आणि स्टॉल कुठे एवढेच विचारले होते. चाकणच्या एका कारखान्यातील देखभाल विभागाच्या प्रमुखांनी दुपारी १२:२० वाजता लिहिले होते की आम्ही चौघे गेटवर उभे आहोत, स्टॉल सापडत नाही. मी त्यांना रात्री ९:४० ला उत्तर दिले. ते पुन्हा आले नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी बंगळूरुच्या इमटेक्स या यंत्र-प्रदर्शनासाठी मी ही यादी लिहून ठेवत आहे, आणि तिची सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता फोन धरणाऱ्या माणसापासून करत आहे. स्टॉलवर तिघे असतील तर एकाचे काम दिवसभर फक्त आलेल्या संदेशांना उत्तर देणे हेच असले पाहिजे. त्याने पाहुण्यांशी बोलायचे नाही, यंत्र चालवून दाखवायचे नाही आणि पत्रकेही वाटायची नाहीत. यंत्राचे सखोल ज्ञान त्याला नसले तरी चालते. दोन मिनिटांच्या आत उत्तर जाणे महत्त्वाचे आहे, कारण थेट पोस्ट पाहून विचारणारा माणूस त्या क्षणी हॉलमध्ये चालत असतो आणि दहा मिनिटांनी तो दुसऱ्या कोणाच्या स्टॉलवर बसलेला असतो. फोन धरणारा जेवायला गेला तर फोन कोणाकडे जाईल हे नावानिशी आणि वेळेनिशी कागदावर लिहा. फोन चार्जिंगला लावून कोपऱ्यात ठेवायचा नाही. पॉवर बँक फोनलाच जोडलेली असावी आणि फोन हातातच असावा.

या कामासाठी मालकाचा नंबर वापरू नका. वेगळे सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा, तेही प्रदर्शनाच्या किमान दोन आठवडे आधी. नवा नंबर आदल्या दिवशी सुरू करून त्यावरून अनोळखी लोकांना धडाधड संदेश पाठवले तर नंबरवर निर्बंध येण्याचा धोका असतो. शिवाय स्टेटस फक्त त्यांनाच दिसते, ज्यांच्याकडे तुमचा नंबर आणि तुमच्याकडे त्यांचा नंबर साठवलेला आहे. ब्रॉडकास्ट यादीतला संदेशही तुमचा नंबर साठवलेल्यांनाच पोहोचतो. तेव्हा हे दोन आठवडे जुन्या ग्राहकांना एकेक करून साधा निरोप देण्यात घालवायचे आहेत, की हा आमचा प्रदर्शनाचा नंबर आहे, कृपया साठवून ठेवा. कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळले तर पहिल्या दिवशीचे स्टेटस घरचीच माणसे पाहतील.

ठरावीक उत्तरे ॲपमध्ये आधीच लिहून ठेवा, म्हणजे फोन धरणाऱ्याने `/stall` एवढे टाइप केले की पूर्ण उत्तर तयार होते. त्यात हॉल क्रमांक, स्टॉल क्रमांक आणि ओळखीची एक खूण असावी. बंगळूरुच्या प्रदर्शन केंद्रात हॉल अनेक आहेत आणि एक चुकला तर पुष्कळ चालावे लागते, म्हणून ‘प्रवेशद्वारातून डावीकडे, चहाच्या काउंटरसमोर’ अशा प्रकारची ओळ स्टॉल उभारणीच्या दिवशी स्वतः चालून पाहून लिहा, नकाशावरून नको. शहरातून येणाऱ्यांसाठी जवळचे मेट्रो स्थानक मादावर आहे, हेही त्याच उत्तरात घाला. उत्तरे इंग्रजी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत हवीत. कन्नड मजकूर जाणकाराकडून तपासून घ्या.

पोस्ट कोणती पाहून माणूस आला हे कळण्यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळी लिंक द्यावी. नंबरच्या आधी देशाचा क्रमांक लागतो, अधिकचे चिन्ह किंवा शून्य लागत नाही:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=STATUS
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=LINKEDIN
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=BOARD
```

लिंक दाबली की तो शब्द समोरच्याच्या संदेशाच्या चौकटीत आपोआप येतो आणि त्याला फक्त पाठवायचे असते. शेवटची लिंक क्यूआर करून स्टॉलच्या फलकावर लावा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, कारण हॉलचे दिवे त्यावर चमकतात आणि कोड वाचला जात नाही. आमच्या फलकाचे तेच झाले होते.

आता पोस्टमध्ये दाखवायचे काय, याकडे येतो. कारखान्यातल्या माणसाला स्किमरचा फोटो थांबवत नाही. सोमवारी सकाळी कूलंटला येणारा वास थांबवतो. रविवारी मशीन बंद असते, स्लाइडवेचे तेल कूलंटवर तरंगून थर धरते, खाली हवा पोहोचत नाही आणि हवेविना वाढणारे जिवाणू सडक्या अंड्यांसारखा वास सोडतात. पहिली ओळ हीच असावी: ‘सोमवारी मशीन सुरू करताना कूलंटला वास येतो का?’ आणि त्याखाली २० सेकंदांचा उभा व्हिडिओ, ज्यात पहिल्याच क्षणी पट्ट्यावरून खरवडलेले तेल डब्यात पडताना दिसते. हॉलमधल्या गोंगाटात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून शब्द व्हिडिओवर लिहिलेले हवेत, आणि त्यांत हॉल व स्टॉल क्रमांक हवाच. मजकुरात खाली दिलेला क्रमांक पुढे पाठवताना गळून पडतो; चित्रावर लिहिलेला राहतो.

त्यासाठी स्टॉलवर पारदर्शक ॲक्रिलिकची ४० लिटरची टाकी ठेवायची आहे आणि प्रयोगाच्या वेळा आधीच जाहीर करायच्या आहेत: ११:३०, २:०० आणि ४:३०. ‘आमच्या स्टॉलला भेट द्या’ या वाक्याने कोणी येत नाही. ‘साडेअकराला अर्धा लिटर तेल ओतणार आहोत, ते कसे निघते ते पाहा’ याने येतात. येथे एक तांत्रिक इशारा आहे आणि तो गांभीर्याने घ्या. पट्टा फक्त तरंगणारे तेल उचलतो, कूलंटमध्ये घुसळून मिसळलेले तेल उचलत नाही. छोट्या टाकीत पंप फिरवून कूलंट खळबळवत ठेवले तर दुपारपर्यंत तेल त्यात मिसळून जाते, साडेचारच्या प्रयोगात पट्ट्यावर दुधट पाणी येते आणि नेमके तेच पाहुण्याच्या कॅमेऱ्यात जाते. म्हणून टाकीत पंप नको, तेल हळूच काठावरून ओतायचे, दर सकाळी कूलंट बदलायचे, आणि जे कूलंट तेल पटकन वर सोडते तेच वापरायचे. ते कोणते, हे कारखान्यात काचेच्या बरणीत तेल आणि कूलंट एकत्र हलवून रात्रभर ठेवले की सकाळी समजते. टाकाऊ कूलंट परत नेण्यासाठी झाकणाचे कॅन हवेत. ते हॉलच्या नाल्यात ओतायचे नाही.

आणि प्रयोग सुरू असताना फोन धरणाऱ्याला तेल ओतायला बोलवू नका. गर्दी जमली की हीच चूक होते, कारण हात कमी पडतात. व्हिडिओ तिसऱ्याने काढायचा, पोस्टही त्यानेच टाकायची. पोस्ट टाकल्यानंतरची पहिली १५ मिनिटे संदेश सर्वांत जास्त येतात आणि त्याच वेळी फोन हातात हवा.

नेटवर्कची खात्री धरू नका. पत्र्याच्या छपराखाली हजारो माणसे जमली की दुपारी व्हिडिओ चढत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम ठेवा, व्हिडिओ लहान ठेवा आणि हॉलच्या कोणत्या दारापाशी नेटवर्क येते हे आदल्या दिवशी शोधून ठेवा. व्हिडिओ टाकणारा दारापर्यंत जाईल. फोन धरणाऱ्याकडे संदेश पोहोचत नसतील तर त्याची खुर्चीही तिकडे हलवावी, स्टॉलच्या शोभेचा विचार करू नये.

उभारणीच्या दिवशी संध्याकाळी एक तालीम करा. कोणाला तरी गेटबाहेर उभे करून स्टेटसमधल्या लिंकवरून संदेश पाठवायला सांगा, उत्तर यायला किती वेळ लागला तो मोजा आणि केवळ त्या उत्तराच्या आधारे त्याला स्टॉलपर्यंत चालत येऊ द्या. तो चुकला तर उत्तर बदला.

संदेश आला म्हणजे चौकशी नोंदली गेली असे नाही. फोन धरणाऱ्याने तीनच प्रश्न विचारावेत: टाकी किती लिटरची, मशीन किती, आणि आज येणार की उद्या. दहा प्रश्नांचा फॉर्म उभ्या माणसाकडून भरून होत नाही. स्टॉलवर बोलून गेलेल्यांचेही तसेच: कार्डाचा फोटो त्याच नंबरवर पाठवायचा आणि लगेच २० सेकंदांत बोलून ठेवायचे की काय कबूल केले आणि कधीपर्यंत. आमच्याकडे कार्डांचा गठ्ठा होता, पण त्यांतल्या कोणाला कोटेशन हवे होते आणि कोणाला चाचणीसाठी यंत्र हवे होते हे दोन दिवसांनी कोणालाच आठवेना. पाहुण्याचा फोटो किंवा गळ्यातले ओळखपत्र पोस्टमध्ये दिसणार असेल तर आधी परवानगी घ्या. शेजारच्या स्टॉलचे यंत्र चौकटीत येऊ देऊ नका.

पोस्टच्या वेळा: सकाळी ९:३०, प्रत्येक प्रयोगाच्या २० मिनिटे आधी, आणि रात्री ८ वाजता, कारण उद्या जायचे की नाही हे लोक रात्री ठरवतात. रात्रीच्या पोस्टलाही उत्तर देणारा हवा. दिवसभर थकलेल्या माणसाला ते सांगू नका, भोसरीतल्या कार्यालयात बसलेल्याला सांगा. एकाच नंबरला आणखी चार उपकरणे जोडता येतात, तेव्हा अडचण नाही. संगणक आठवडाभर आधी जोडून घ्या.

दुसऱ्या दिवसापासून तेच सारे, फक्त व्हिडिओ नवा. चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, पाणी, बसायची खुर्ची. विजेची मागणी वेळेत.

रोज संध्याकाळी हॉल सोडण्यापूर्वी यादीवर खुणा करा. टाकीचे माप आणि मशीनची संख्या दिलेले ‘अ’, नुसती माहिती मागणारे ‘ब’, विक्रेते आणि विद्यार्थी ‘क’. ‘अ’ला त्याच रात्री कोटेशन, ‘ब’ला प्रदर्शन संपल्यावर आठवड्याच्या आत व्हिडिओ आणि किंमत. बाकीचे नंतर.

प्रदर्शन संपल्यावर तो नंबर बंद करू नका. पत्रके कपाटात जातात आणि संदेश तीन-चार महिन्यांनीही येतात, तेव्हा तो फोन कोणाच्या हातात राहणार, तेही आत्ताच लिहून ठेवा.