एसडीएमए आणि क्रिएटिनिन एकत्र वाचताना या चुका टाळा

म्हाताऱ्या मांजराचा रिपोर्ट हातात येतो, क्रिएटिनिनच्या ओळीपुढे लाल खूण नसते आणि "किडनी ठीक आहे" असं सांगून मालकाला घरी पाठवलं जातं. वर्षभराने तेच मांजर उलट्या करत येतं, तोवर किडनीचं बरंचसं काम थांबलेलं असतं. या प्रकारात मशीन क्वचितच चुकतं, चुकतं ते आकड्याचं वाचन.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि किडनीच्या गाळणीतून बाहेर जातं. त्यामुळे रक्तातला त्याचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: गाळणी किती चालते आणि अंगावर स्नायू किती आहेत. दुसरी बाजू सर्रास विसरली जाते. शिवाय गाळण्याची क्षमता साधारण तीन चतुर्थांश गेल्याशिवाय क्रिएटिनिन लॅबच्या मर्यादेबाहेर जात नाही. एसडीएमए, म्हणजे सिमेट्रिक डायमिथाइलआर्जिनिन, शरीरातल्या सगळ्याच पेशींमध्ये प्रथिनं मोडताना सुटतं आणि जवळजवळ सगळं किडनीवाटेच जातं. स्नायूंच्या प्रमाणाशी त्याचा फारसा संबंध नाही. सरासरी ४० टक्के क्षमता गेली की ते वाढलेलं दिसतं, काही जनावरांत त्याच्याही आधी. प्रौढ कुत्र्या-मांजरांत १४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात.

पहिली चूक: वजन न बघता क्रिएटिनिन वाचणं

एक उदाहरण घेऊ. अकरा वर्षांचा, खच्चीकरण केलेला बोका. गेल्या वर्षी वजन ५.२ किलो, क्रिएटिनिन १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. यंदा वजन ४.१ किलो, क्रिएटिनिन १.४. लॅबची मर्यादा २.४ पर्यंत. घाईत वाचणारा म्हणेल की आकडा सुधारलाय. पण बोक्याचं पाचवा हिस्सा वजन उतरलं आहे. इतके स्नायू गेले असतील तर क्रिएटिनिन त्या मानाने खाली यायला हवं होतं. ते जवळपास जागच्या जागी राहिलं, याचा अर्थ गाळणी मंदावली आहे आणि स्नायूंच्या झिजेने ते झाकलं गेलं. त्याच नमुन्यात एसडीएमए १९ निघतं, लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१९. मांजराची लघवी एरवी १.०३५ च्या वर घट्ट असायला हवी. आता तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगू लागतात.

इथे दुसरा घोटाळा लॅबच्या मर्यादेचा. ती मर्यादा निरोगी मांजरांच्या मोठ्या गटावरून काढलेली असते, म्हणून रुंद असते. इंटरनॅशनल रिनल इंटरेस्ट सोसायटी, म्हणजे आयरिस, जुनाट किडनीविकाराचे टप्पे ठरवताना मांजरात दुसरा टप्पा क्रिएटिनिन १.६ पासून धरते, कुत्र्यात १.४ पासून. रिपोर्टवर "नॉर्मल" छापलेलं २.१ मांजरात दुसऱ्या टप्प्यात बसू शकतं. आपल्याकडे लहान गावांत कुत्र्याचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये जातं आणि रिपोर्टवर माणसाची मर्यादा छापून येते. ती सरळ काट मारून टाकावी. खरी तुलना त्याच जनावराच्या जुन्या आकड्याशी करायची. म्हणून सात वर्षांपुढच्या प्रत्येक जनावराच्या कार्डावर वजन, क्रिएटिनिन आणि एसडीएमए एकाच ओळीत लिहायची सवय लावून घ्यावी. वजन वेगळ्या पानावर आणि रक्त वेगळ्या फाइलमध्ये असेल तर हा संबंध कुणाच्याच नजरेला पडत नाही.

वजनावरही एकट्यावर विसंबू नये. पोट सुटलेल्या मांजरात चरबी टिकते आणि स्नायू जातात, काट्याला ते कळत नाही. पाठीच्या कण्यावरून, खांद्याच्या हाडावरून, डोक्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून बोटं फिरवून पाहावी. हाडाचे कंगोरे टोचत असतील तर स्नायू गेले आहेत, पोट कितीही गोल दिसो. याला अर्धा मिनिट लागतो आणि हाच अर्धा मिनिट टाळला जातो.

त्या बोक्याकडे परत येऊ. तीन आठवड्यांनी फेरतपासणीत क्रिएटिनिन १.५ आणि एसडीएमए २० येतं. नुसत्या क्रिएटिनिनवर तो पहिल्या टप्प्यात राहिला असता. पण मांजरात एसडीएमए सातत्याने १८ ते २५ असेल तर दुसरा टप्पा धरायचा, कारण दोन्ही आकडे जुळत नसतील तेव्हा वरचा टप्पा मानायचा असा आयरिसचा नियम आहे. आता पुढची कामं: लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रक्तदाब, लघवीचं कल्चर, सोनोग्राफी (मूत्रनलिकेत खडा नाही ना हे पाहायला) आणि थायरॉइडसाठी टी-फोर. टी-फोर अजिबात वगळू नये. मांजरात थायरॉइड वाढलेलं असेल तर स्नायूही झिजतात आणि गाळणीचा वेगही वाढतो, मग क्रिएटिनिन दुहेरी खोटं दिसतं. थायरॉइडचा उपचार सुरू झाला की आत दडलेला किडनीविकार वर येतो आणि दोष औषधाला जातो. थायरॉइडच्या अशा मांजरांत एसडीएमएवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. उपचारानंतर दोन्ही आकडे पुन्हा पाहावेच लागतात.

बोक्याचं टी-फोर नॉर्मल, गुणोत्तर ०.२५ म्हणजे सीमेवर, रक्तदाब १६८. एकदाच मोजलेल्या १६८ वर लगेच गोळी नको. मांजर शांत झाल्यावर, शेपटीला किंवा पुढच्या पायाला योग्य मापाचा पट्टा लावून, पहिलं वाचन सोडून पुढची पाच-सहा घ्यावीत. डोळ्याचा पडदा तपासावा आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजावं. दात काढायला भूल द्यायची असेल किंवा सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅम चालू असेल, तर या टप्प्यावर कळलेल्या माहितीचा खरा उपयोग होतो: सलाइन आधीपासून लावता येतं, भुलीत रक्तदाब सांभाळता येतो, औषधाचा फेरविचार करता येतो.

दुसरी चूक: एका एसडीएमएवर निदान

ही उलट्या टोकाची घाई. चार वर्षांचा धष्टपुष्ट लॅब्राडोर, दोन दिवस उलट्या-जुलाब, एसडीएमए १७, क्रिएटिनिन १.५. लगेच किडनीचं खाद्य सुरू होतं आणि मालक महिनाभर झोपत नाहीत. त्याच वेळी लघवी पाहिली असती तर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०४५ दिसली असती. इतकी घट्ट लघवी करणारी किडनी बहुतेक ठीकच असते. पाणी कमी झाल्याने गाळणीपर्यंत रक्त कमी पोचलं आणि दोन्ही आकडे थोडे चढले. शिवाय मोठ्या स्नायूंच्या कुत्र्यात १.५ क्रिएटिनिन त्याचं नेहमीचंही असू शकतं. पाणी भरून निघाल्यावर दोन आठवड्यांनी एसडीएमए १२ आलं की विषय संपला.

एसडीएमए गाळणी मंदावल्याचं सांगतं. कारण सांगत नाही, आणि नवीन दुखणं की जुनं हेही सांगत नाही. पाणी कमी असणं, मूत्रमार्ग तुंबणं, लेप्टोस्पायरोसिस, जुनाट झीज, सगळ्यांत ते सारखंच वाढतं. त्यातच एकाच जनावरात दिवसागणिक आणि मशीनगणिक आकडा थोडा हलतो, म्हणून १३ आणि १५ मध्ये भिंत नाही. नियम सोपा ठेवावा. १५ ते १९ आलं आणि जनावर बरं दिसतंय, तर त्याच दिवशी लघवी तपासावी आणि दोन ते चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, उपाशीपोटी, पाणी नीट पीत असताना रक्त पुन्हा द्यावं. २० किंवा जास्त आलं तर थांबायचं नाही, कारणाचा शोध लगेच सुरू करायचा. जनावर आजारी दिसत असेल तर आकडा कितीही असो, वाट पाहण्याचा सल्ला चुकीचा आहे. पावसाळ्यात ताप, कावीळ आणि वाढलेलं एसडीएमए एकत्र दिसलं तर लेप्टोची शंका आधी घ्यावी.

किडनीचं खाद्य "सुरक्षेसाठी" लवकर सुरू करणं मला मुळीच पटत नाही. त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस कमी असतात. आधीच स्नायू गमावणाऱ्या मांजराला ते विनाकारण दिलं आणि तिने तोंड फिरवलं, तर भूक आणि वजन दोन्ही जातात. पहिल्या टप्प्यात, लघवीत प्रथिन जात नसेल तर, त्याची साधारणपणे गरज नसते. दुसऱ्या टप्प्यापासून फॉस्फरसचा आकडा बघून, जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत, दोन-तीन आठवड्यांत बदल करावा.

बाकीच्या, पण रोज दिसणाऱ्या

सलाइन लावून झाल्यावर लघवी घेणं. मग ती पातळच येणार, आणि किडनी घट्ट लघवी करू शकते का हे त्या दिवशी कळायचं राहून गेलं. नमुना आधी घ्यावा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावा. पट्टीवरचा ग्रॅव्हिटीचा चौकोन कुत्र्या-मांजरांत भरवशाचा नाही. फ्युरोसेमाइड किंवा स्टिरॉइड चालू असेल तर तेही नोंदवावं.

शिजवलेल्या मांसाच्या जेवणानंतर लगेच रक्त घेणं. क्रिएटिनिन थोडं चढतं. आठ ते बारा तास उपाशी ठेवावं, पाणी मात्र बंद करू नये.

एककांची गल्लत. काही लॅब मायक्रोमोलमध्ये आकडा देतात. एसडीएमएचं १४ तिथे साधारण ०.६९ दिसतं आणि क्रिएटिनिनचं १.४ साधारण १२४.

पिल्लाला प्रौढाची मर्यादा लावणं. कुत्र्याच्या पिल्लात एसडीएमए १६ पर्यंत चालतं. ग्रेहाउंड जातीत दोन्ही आकडे मुळातच थोडे वर असतात.

एसडीएमए नॉर्मल म्हणून लघवीच न पाहणं. ही मात्र लहान चूक नाही. गाळणी प्रथिनं गळू देते, तेव्हा सुरुवातीला तिचा वेग चांगला असू शकतो. गोचिडतापानंतर एर्लिकिया रेंगाळलेल्या कुत्र्यात एसडीएमए ११, क्रिएटिनिन ०.९ आणि प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३ असं चित्र असू शकतं. कुत्र्यात ०.५ च्या वरचं गुणोत्तर, लघवीत संसर्ग आणि रक्त नसताना, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तसंच आलं तर तो किडनीचाच प्रश्न आहे आणि रक्ताचे दोन्ही आकडे त्याबद्दल गप्प राहतात.

शेवटचा प्रकार अवघड आहे: एसडीएमए पुन्हा पुन्हा वाढलेलं, पण क्रिएटिनिन स्थिर, स्नायू टिकलेले, लघवी घट्ट, सोनोग्राफीत किडनी सुबक. अशा वेळी किडनीविकाराचं लेबल लावायची घाई करू नये. लिम्फोमाच्या काही कुत्र्यांत किडनीचा दोष नसतानाही एसडीएमए वाढलेलं आढळलं आहे. जबड्याखालच्या, खांद्यापुढच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी हाताने चाचपाव्या, पोटाच्या सोनोग्राफीत प्लीहा आणि आतल्या लसिका गाठी पाहाव्यात. गाठ मोठी लागली तर त्याच दिवशी सुईने पेशींचा नमुना घ्यावा. काहीच सापडलं नाही तर तीन महिन्यांनी वजन, लघवी आणि दोन्ही आकडे पुन्हा.