स्वमूल्यमापनात फक्त जानेवारी-मार्चचंच काम आठवत होतं : माझा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी तपासणी विभाग सांभाळतो. दर मार्चला स्वमूल्यमापनाचा फॉर्म भरताना शेवटच्या तीन महिन्यांपलीकडचं काही आठवायचं नाही. सलग दोन वर्षं माझं निम्मं काम कागदावर आलंच नाही, याचं फार वाईट वाटलं.

रोजची डायरी तीन आठवड्यांत बंद पडली. जुने मेल चाळले, तर त्यात फक्त तक्रारी. जी चूक आधीच टाळली, तिचा मेल कोण पाठवणार?

शेवटी जमलं ते असं. शनिवारी सुट्टी व्हायच्या आधी दहा मिनिटं वहीत चारच गोष्टी लिहितो: काय केलं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, पुरावा कुठे आहे. आधीचा आकडा काम सुरू करतानाच टिपायचा. नंतर तो सापडत नाही.

उदाहरणार्थ, जून-जुलैमधली नोंद: 'काठाची शिलाई सुटत होती. 100 नगांत 7 परत. टाका बारीक केला, सुई दर पाळीला बदलली. चार आठवड्यांनी 100 त 3. तपासणी रजिस्टर, जून-जुलै.' मार्चमध्ये हेच फॉर्ममध्ये उतरवलं. सुई बदलायची कल्पना शिलाईवाल्या मावशींची होती; तेही वहीत लिहिलं होतं, म्हणून श्रेय त्यांनाच दिलं.

एखादा शनिवार चुकला, तर मी आठवून आकडे भरत नाही, 'नोंद नाही' लिहितो. एप्रिलमध्ये ठरलेली उद्दिष्टं दर तीन महिन्यांनी वहीशेजारी ठेवून पाहतो. एखाद्या उद्दिष्टासमोर एकही नोंद नसेल, तर साहेबांशी तेव्हाच बोलतो.

यंदा फॉर्म दीड तासात झाला.