मॉडेल बंद होतंय हे ग्राहकाला कळवताना: कंट्रोलरच्या कंपनीतला अनुभव

प्रॉडक्ट सपोर्टच्या कामात नव्याने आलेल्यांकडे बहुधा लवकरच हे काम येतं: एखादं मॉडेल बंद होणार असतं, ग्राहकांना पत्र लिहायचं असतं आणि साहेब म्हणतात, "जुनं पत्र आहे ना, तारखा बदल आणि पाठव." मी भोसरीत औद्योगिक टेम्परेचर कंट्रोलर बनवणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं हे काम करते. भट्टी, ओव्हन, प्लास्टिक मोल्डिंग मशीन, ऑटोक्लेव्ह अशा ठिकाणी पॅनेलवर बसणारे 96×96 मिलिमीटरचे चौकोनी कंट्रोलर आम्ही बनवतो. माझं मत ठाम आहे. पत्रात जी तीन आश्वासनं द्यायची असतात, म्हणजे शेवटच्या ऑर्डरची तारीख, स्पेअरचा काळ आणि पर्यायी मॉडेल, ती आधी स्टोअर्समध्ये आणि टेस्ट बेंचवर खरी करून घ्यावीत. पत्र त्यानंतर लिहावं.

सुरुवात तारखेपासून करू. ही तारीख सोयीने ठरवता येत नाही, कारण मॉडेल बंद होण्याचं कारण बहुतेक वेळा आपल्या हातात नसतं. आतला मायक्रोकंट्रोलर किंवा डिस्प्लेचा ड्रायव्हर बनवणारी कंपनीच तो भाग बंद करते. सेमीकंडक्टर उद्योगात यासाठी जे-एसटीडी-048 नावाचं मानक आहे. त्यानुसार नोटीस दिल्यापासून शेवटच्या ऑर्डरसाठी किमान 6 महिने आणि शेवटच्या डिलिव्हरीसाठी किमान 12 महिने द्यायचे असतात. समजा चिपची नोटीस 1 जानेवारीला आली. मग चिपची शेवटची ऑर्डर 30 जूनपर्यंत टाकायची आणि माल 31 डिसेंबरपर्यंत मिळणार. म्हणजे किती चिप घ्यायच्या हे आपल्याला जूनमध्येच माहीत हवं आणि ग्राहकांची मागणी त्याच्या आधी हातात हवी. ग्राहकांना 31 ऑगस्टपर्यंत ऑर्डर द्या असं परस्पर कळवून टाकलं, तर ऑगस्टमध्ये येणाऱ्या ऑर्डरसाठी चिप जूनमध्ये अंदाजाने घ्याव्या लागतात. अंदाज कमी पडला की आपण दिलेली तारीख आपणच मोडतो.

म्हणून मी दोन तारखा देते. पत्र फेब्रुवारीत जातं. 15 मेपर्यंत ग्राहकाने फक्त आकडा कळवायचा: पुढे किती कंट्रोलर लागतील, साधारण कोणत्या महिन्यांत. हा आकडा बंधनकारक नसतो आणि तसं पत्रात स्पष्ट लिहायचं, नाहीतर पर्चेसवाले उत्तरच देत नाहीत. त्या आकड्यांवर थोडी वाढ धरून आपण जूनमध्ये चिप घेतो. पक्की ऑर्डर 30 सप्टेंबरपर्यंत आणि आपल्याकडून शेवटचा माल पुढच्या 31 मार्चपर्यंत. या शेवटच्या ऑर्डर रद्द होत नाहीत आणि माल परत घेतला जात नाही, हेही त्याच पानावर हवं.

30 सप्टेंबर मी का धरते, तेही सांगते. आमचे बरेच ग्राहक साखर कारखाने आहेत. गाळप साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत चालतं आणि मेंटेनन्सची खरेदी पावसाळ्यात, ऑफ सीझनला होते. मार्चअखेरची तारीख दिली तर तेव्हा त्यांचं लक्ष बॉयलरवर असतं आणि इतर कंपन्यांचं वर्षाचं बजेट संपलेलं असतं. एप्रिलमध्ये नवीन मंजुरी निघते आणि जून ते सप्टेंबर या काळात पीओ निघतात. औषध कंपन्यांना मात्र याहून लवकर कळवावं लागतं. त्यांच्या ऑटोक्लेव्हवरचा कंट्रोलर बदलायचा तर चेंज कंट्रोलची फाइल निघते, पात्रता चाचण्या पुन्हा होतात, क्वालिटी विभागाच्या सह्या लागतात. आम्ही त्यांना पत्राबरोबर नव्या मॉडेलचा एक नमुनाही पाठवतो, म्हणजे त्यांचं काम त्याच दिवशी सुरू होतं.

आता स्पेअर. "स्पेअर उपलब्धतेनुसार मिळतील" हे वाक्य पत्रात लिहू नका. त्यातून ग्राहकाला काहीच मिळत नाही आणि अनुभवी मेंटेनन्स इंजिनिअर ते वाचताच दुसऱ्या कंपनीचा कॅटलॉग उघडतो. काळ लिहा आणि तो कोणत्या दिवसापासून मोजायचा तेही लिहा: "शेवटच्या डिलिव्हरीच्या तारखेपासून 7 वर्षं". मोठ्या कंपन्या हे कसं करतात ते बघायचं असेल तर सीमेन्सचा सिमॅटिक एस7-300 पाहा. तो पीएलसी नियमित विक्रीतून काढायला 2023 मध्ये सुरुवात झाली, स्पेअर 2033 पर्यंत देण्याचं जाहीर झालं आणि पर्याय म्हणून एस7-1500 पुढे ठेवला गेला. कारखान्याला आपलं नियोजन करायला एवढी स्पष्टता पुरते.

7 वर्षं लिहिण्यासाठी आकडेमोड मात्र करावी लागते. समजा चालू अवस्थेत 8,000 कंट्रोलर बाहेर आहेत आणि वर्षाला 2 टक्के दुरुस्तीला येतात. म्हणजे वर्षाला 160, सात वर्षांत जास्तीत जास्त 1,120. पुढे लोक स्वतःहून नवं मॉडेल बसवतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी येतो. दुरुस्तीला आलेल्या मालात चिप गेलेली क्वचित असते. रिलेचे संपर्क झिजलेले असतात, नाहीतर पॉवर सप्लायमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेला असतो आणि हे दोन्ही भाग बाजारात सहज मिळतात. चारातल्या एका कंट्रोलरला मुख्य बोर्ड लागतो असं तुमच्या सर्व्हिस रजिस्टरवरून निघालं, तर 280 बोर्ड झाले. थोडी भर घालून 350 चिप बाजूला ठेवायच्या. हे प्रमाण तुमच्या स्वतःच्या रजिस्टरवरूनच काढा, दुसऱ्या मॉडेलचं लावू नका. हीटरला थेट रिलेने चालू-बंद करणाऱ्या मॉडेलमध्ये रिले लवकर जातात, एसएसआर चालवणाऱ्यात ती तक्रारच येत नाही.

या 350 चिप तयार बोर्डावर लावून ठेवू नयेत. बोर्ड कपाटात पडून राहिला तरी त्यावरचे कपॅसिटर जुने होतात. चिप ओलावारोधक सीलबंद पिशवीत, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड घालून ठेवा. आणि चिपइतकंच महत्त्वाचं म्हणजे ती प्रोग्रॅम करायचं साधन. चिप आहेत, पण फर्मवेअर भरणारा प्रोग्रॅमर खराब झालाय, टेस्ट जिग भंगारात गेलंय आणि जुनं सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो फॉरमॅट झालाय, अशी वेळ चार-पाच वर्षांनी येते, कारण तोवर माणसं बदललेली असतात. प्रोग्रॅमर, जिग, फर्मवेअरची फाइल आणि तो कॉम्प्युटर, सगळं नाव लिहिलेल्या एका पेटीत ठेवा आणि वर्षातून एकदा त्यावर एक बोर्ड प्रत्यक्ष प्रोग्रॅम करून बघा.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते पर्यायाच्या परिच्छेदात. तिथे लोक "नवे मॉडेल हे जुन्याला थेट पर्याय आहे" असं एक वाक्य लिहून मोकळे होतात. आमचं नवं मॉडेलही 96×96 चंच होतं आणि पॅनेलमधलं भोक 92×92, म्हणजे पत्रा कापायला नको. के टाइप थर्मोकपल तोच, आउटपुटही तेच. इथवर खरंच थेट पर्याय. फरक मागच्या बाजूला होता. टर्मिनलचे क्रमांक बदललेले होते. जुन्या वायरी त्याच क्रमांकांवर लावल्या तर थर्मोकपलच्या जागी 230 व्होल्ट जाऊ शकत होते. म्हणून पत्रासोबत "जुना क्रमांक, नवा क्रमांक" असा एका पानाचा तक्ता आम्ही जोडला आणि तोच तक्ता नव्या कंट्रोलरच्या खोक्यातही टाकला, कारण पत्र पर्चेसच्या फाइलमध्ये जातं आणि वायरी इलेक्ट्रिशियन लावतो.

दुसरा फरक डोळ्यांना दिसत नाही. आरएस-485 वरून मॉडबसने तापमान वाचलं की जुना कंट्रोलर 182.5 अंशांसाठी 1825 पाठवायचा आणि पीएलसी त्याला 10 ने भागायचा. नवा कंट्रोलर मूळ सेटिंगमध्ये दशांशाशिवाय 182 पाठवतो. पीएलसीतलं भागणं तसंच राहिलं तर स्क्रीनवर 18.2 दिसतं. ऑपरेटरला वाटतं सेन्सर गेलाय आणि तो थर्मोकपल बदलत बसतो. त्याहून वाईट म्हणजे पीएलसीत 220 अंशांवर हीटर तोडण्याचा इंटरलॉक असेल तर तो कधीच लागणार नाही, कारण पीएलसीच्या हिशोबाने भट्टी 22 अंशांवर आहे. म्हणून पत्रात आम्ही ठळक लिहितो: कम्युनिकेशन वापरत असाल तर दशांशाचं सेटिंग एक स्थानावर ठेवा, रजिस्टरचा पत्ता तक्त्यात तपासा आणि इंटरलॉक प्रत्यक्ष चालवून बघा. ओळखायची खूण सोपी आहे. कंट्रोलरच्या तोंडावरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा शेजारी ठेवून वाचा. दहापट फरक असेल तर गडबड सेन्सरमध्ये नाही. जुन्या कंट्रोलरमधले पीआयडीचे आकडेही तसेच नव्यात भरायचे नाहीत, ऑटोट्यून पुन्हा चालवायचं.

मोठ्या कंपन्यांना पत्र इंग्रजीत जातं. इचलकरंजीतल्या प्रोसेस हाउसला किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीला ते मराठीतही पाठवलं की उत्तरं लवकर येतात. आमच्या मराठी पत्राचा मुख्य भाग असा असतो:

"स.न.वि.वि. आपण वापरत असलेल्या 96×96 टेम्परेचर कंट्रोलरचे उत्पादन आम्ही बंद करीत आहोत, कारण त्यातील मुख्य चिप तिच्या उत्पादकाने बंद केली आहे. आपल्याला पुढे किती नग लागतील ते 15 मेपर्यंत कळवावे. हा आकडा बंधनकारक नाही. शेवटची ऑर्डर 30 सप्टेंबरपर्यंत स्वीकारू व माल 31 मार्चपर्यंत पाठवू. दुरुस्ती व स्पेअर त्यानंतर 7 वर्षे मिळतील. नवे मॉडेल त्याच कटआउटमध्ये बसते, मात्र वायरिंग व कम्युनिकेशन वेगळे आहे. सोबतचा तक्ता पाहिल्याशिवाय बदल करू नये."

कारण एका ओळीत खरं सांगावं. ते दडवलं की डीलर स्वतःची कारणं सांगत फिरतात आणि कंपनीच बंद पडतेय अशी बोलवा होते. त्यासाठीच डीलर आणि सर्व्हिसच्या मुलांना पत्र ग्राहकांच्या आठवडाभर आधी द्यावं, तक्त्यासकट.

पत्र पाठवलं म्हणजे पोचलं असं नाही. यादी विक्रीच्या बिलांवरून काढली तर त्यात डीलर आणि मशीन बनवणारे येतात, प्रत्यक्ष वापरणारा कारखाना येत नाही. मी मागच्या काही वर्षांचं दुरुस्तीचं रजिस्टर काढते. कंट्रोलर दुरुस्तीला पाठवणारा माणूसच तो रोज वापरत असतो. मशीन बनवणाऱ्यांना वेगळं पत्र जातं, त्यांनी आपल्या ग्राहकांना पुढे द्यायची प्रत जोडून. ज्यांचं उत्तर आलेलं नाही त्यांना 15 मेची वाट न बघता एप्रिलअखेरच फोन सुरू करायचे आणि कोणाशी, कधी बोलणं झालं ते रजिस्टरला लिहायचं.

30 सप्टेंबरनंतरही ऑर्डर येतातच. त्यासाठी नियम आधी ठरलेला हवा. बाजूला ठेवलेल्या 350 चिपना हात लावायचा नाही, त्या दुरुस्तीच्या आहेत. 15 मेला आकडा कळवून नंतर पीओला उशीर झालेल्याला जूनच्या वाढीव खरेदीतून माल द्यायचा, तीही संपली की नवं मॉडेल, तक्ता आणि पहिल्या जोडणीला आपला माणूस. सेल्सकडून एखाद्या मोठ्या ग्राहकासाठी त्या 350 तल्या शंभर मागितल्या जातील. तेव्हा किती कारखान्यांना 7 वर्षं लिहून दिली आहेत ती यादी त्यांच्यासमोर ठेवा.